फायनान्स लीजवर दिलेलं यंत्र: लीज देणाऱ्याच्या नोंदी आणि व्याजाची वाटणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालच्या सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण चालवलं आहे. नवा प्रश्न आला की नवे आकडे घेतले, तर वाचणाऱ्याचा धागा तुटतो आणि एका नोंदीचा पुढच्या नोंदीशी असलेला संबंध दिसत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर प्रत्येक आकडा तुमचा तुम्हाला पडताळून पाहता येईल. रकमा कोणत्याही चलनात समजल्या तरी चालतील. हिशेबाची पद्धत आयएफआरएस १६ या लीजविषयीच्या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकाप्रमाणे आहे.

यंत्र कायद्याने माझ्याच मालकीचं आहे. मग ते माझ्या ताळेबंदातून का काढायचं?

कारण मालकीचा कागद तुमच्याकडे असला तरी मालकीतून येणारी जोखीम आणि लाभ बहुतांशी लीज घेणाऱ्याकडे गेलेले असतात. यंत्राचं उपयुक्त आयुष्य जवळपास सगळं तो वापरणार, बंद पडलं तर नुकसान त्याचं, चांगलं चाललं तर फायदाही त्याचाच. तुमच्या हातात उरतात ठरलेले हप्ते आणि शेवटी परत येणारं जुनं यंत्र. म्हणजे व्यवहाराचा जीव पाहिला तर तुम्ही यंत्र विकून त्याचे पैसे कर्जाऊ ठेवल्यासारखं आहे, आणि नोंदही तशीच होते. यंत्र जातं, येणं येतं.

याचा लगेच होणारा परिणाम असा, की या यंत्रावर तुम्ही घसारा काढत नाही. एकीकडे घसारा आणि दुसरीकडे व्याज, असं दोन्ही चालू असलेलं दिसलं तर कुठेतरी गडबड आहे हे नक्की समजा. जोखीम आणि लाभ तुमच्याकडेच राहत असतील तर ते ऑपरेटिंग लीज. तिथे यंत्र तुमच्याच पुस्तकात राहतं, घसाराही तुमचाच, आणि भाडं उत्पन्नात जातं. हा निर्णय लीज सुरू करतानाच, म्हणजे करार ठरताना घ्यायचा असतो. नंतर करारात बदल झाल्याशिवाय तो फिरवायचा नाही.

उदाहरण नेमकं काय आहे?

एक पॅकिंग यंत्र आहे. त्याची आजची रास्त किंमत ९,८०,००० आणि तुमच्या पुस्तकातही तेवढीच. हे लीज मिळवून देणाऱ्या दलालाला तुम्ही २०,००० कमिशन दिलं. लीज ४ वर्षांचं, दर वर्षाच्या शेवटी ३,००,००० चा हप्ता. मुदत संपल्यावर यंत्र परत येईल आणि तेव्हा त्याची किंमत ७१,८०० असेल असा तुमचा अंदाज. या किमतीची हमी कोणीच दिलेली नाही, म्हणजे हे हमी नसलेलं अवशिष्ट मूल्य.

हप्ते मिळून १२,००,००० आणि अवशिष्ट मूल्य ७१,८००, एकूण १२,७१,८००. ही झाली लीजमधली ढोबळ गुंतवणूक. तुम्ही घातलेत ९,८०,००० अधिक २०,०००, म्हणजे १०,००,०००. मधला फरक २,७१,८०० हे चार वर्षांत मिळणारं व्याज. अजून एक दिवसही उलटलेला नाही, म्हणून आज ते अनर्जित आहे. पुढचा सगळा खटाटोप या २,७१,८०० ची योग्य वर्षांत वाटणी करण्यासाठी आहे.

व्याजाचा दर करारात लिहिलेलाच नाही. तो कुठून आणायचा?

तो करारातल्या आकड्यांतच दडलेला असतो. ज्या दराने सगळे हप्ते आणि हमी नसलेलं अवशिष्ट मूल्य आजच्या किमतीत आणले की बेरीज यंत्राची रास्त किंमत अधिक तुमचे सुरुवातीचे थेट खर्च इतकी येते, तो लीजचा अंतर्गत दर. दलालाचं कमिशन या व्याख्येतच धरलेलं आहे, हे ध्यानात ठेवा. त्यावर पुढे येतोच.

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघतो:

```
=RATE(4,300000,-1000000,71800)
```

उत्तर १०%. घातलेली रक्कम उणे आणि येणाऱ्या रकमा अधिक, एवढं चिन्हांचं पथ्य पाळा. चिन्ह चुकलं तर कधी त्रुटी दिसते आणि कधी अगदी खरा वाटणारा पण चुकीचा दर येतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

पहिल्या दिवशी कोणती नोंद करायची?

लीजमधील निव्वळ गुंतवणूक खाते: नावे १०,००,०००
यंत्रसामग्री खाते: जमा ९,८०,०००
बँक खाते (कमिशन): जमा २०,०००

बस, एवढीच. काही ठिकाणी ढोबळ पद्धत वापरतात. त्यात लीज येणे खाते १२,७१,८०० ने नावे पडतं आणि अनर्जित व्याज खात्यात २,७१,८०० जमा होतात. पुढे दर वर्षी अनर्जित व्याज खात्यातून त्या वर्षापुरती रक्कम उत्पन्नात आणतात. ताळेबंदात दोन्ही पद्धतींनी १०,००,००० च दिसतात. माझा कल निव्वळ पद्धतीकडे आहे, कारण त्या खात्याची शिल्लक म्हणजेच व्याज मोजण्याची रक्कम असते आणि वजाबाकी करत बसावं लागत नाही.

हप्ता आला की किती उत्पन्न धरायचं?

हप्त्याकडे बघूच नका, आधी शिल्लक बघा. व्याज शिल्लकेवर चढतं. हप्ता फक्त ती शिल्लक कमी करतो. पहिल्या वर्षी शिल्लक १०,००,०००, तिच्यावर १०% म्हणजे १,००,००० व्याज. आलेल्या ३,००,००० पैकी उरलेले २,००,००० मुद्दल.

वर्षअखेरीस दोन नोंदी होतात.

लीजमधील निव्वळ गुंतवणूक खाते: नावे १,००,०००
व्याज उत्पन्न खाते: जमा १,००,०००

बँक खाते: नावे ३,००,०००
लीजमधील निव्वळ गुंतवणूक खाते: जमा ३,००,०००

दोन्ही एकत्र करून एकच नोंद करता येते, पण वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. हप्ता उशिरा आला तरी व्याजाची नोंद आपल्या जागी, आपल्या तारखेला होऊन जाते. चारही वर्षांचा तक्ता असा:

| वर्ष | सुरुवातीची शिल्लक | व्याज १०% | हप्ता | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| १ | १०,००,००० | १,००,००० | ३,००,००० | २,००,००० | ८,००,००० |
| २ | ८,००,००० | ८०,००० | ३,००,००० | २,२०,००० | ५,८०,००० |
| ३ | ५,८०,००० | ५८,००० | ३,००,००० | २,४२,००० | ३,३८,००० |
| ४ | ३,३८,००० | ३३,८०० | ३,००,००० | २,६६,२०० | ७१,८०० |

व्याजाची बेरीज करा: २,७१,८००. आणि शेवटची शिल्लक पाहा: बरोबर अवशिष्ट मूल्याइतकी. या दोन जागा जुळल्या की तक्ता बरोबर आहे, एवढं समाधान ठेवायला हरकत नाही.

हप्ता दर वर्षी सारखाच येतो. मग व्याजही चार समान भागांत का वाटू नये?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो मुळीच बाळबोध नाही. २,७१,८०० ला ४ ने भागलं की ६७,९५० येतात. नोंद सोपी, तक्त्याची गरज नाही. बेरीजही शेवटी तीच.

पण प्रत्येक वर्षी तुमचे किती पैसे तिथे अडकले होते ते बघा. समान वाटणी केली तर पहिल्या वर्षी १०,००,००० वर ६७,९५०, म्हणजे ६.८% परतावा दिसतो. वर्षअखेरीस शिल्लक ७,६७,९५० होते, त्यावर दुसऱ्या वर्षी ८.८%. तिसऱ्या वर्षी शिल्लक ५,३५,९०० आणि परतावा १२.७%. चौथ्या वर्षी शिल्लक ३,०३,८५० आणि परतावा तब्बल २२.४%. एकाच करारातून, त्याच लीज घेणाऱ्याकडून, कोणतीही अट न बदलता परतावा तिपटीहून जास्त वाढला, असं पुस्तकं सांगू लागतात. प्रत्यक्षात असं काहीच घडलेलं नसतं. म्हणूनच मानक सांगतं की उत्पन्नाच्या वाटणीतून निव्वळ गुंतवणुकीवर दर काळात सारखाच परतावा दिसायला हवा. वर्षांच्या रकमा सारख्या ठेवायच्या नाहीत, दर सारखा ठेवायचा.

यातला खरा तोटा पुढे दिसतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लीज घेणाऱ्याने करार मोडायची बोलणी सुरू केली, तर तुमचं किती येणं आहे? बरोबर तक्त्यानुसार ५,८०,०००. समान वाटणीच्या पुस्तकात ५,३५,९००. ४४,१०० कमी आकडा हातात धरून तुम्ही वाटाघाटीला बसता.

तक्ता शेवटी अवशिष्ट मूल्यावर येऊन थांबत नाही. चूक कुठे शोधायची?

याचं उत्तर एका घडलेल्या प्रसंगातूनच सांगते. माझ्या हाताखाली नवीन लागलेल्या एकाने अशाच आकड्यांचा तक्ता आणला होता. दर १०% बरोबर, हप्ते बरोबर, गुणाकार-वजाबाकी सगळं बरोबर. आणि शेवटी शिल्लक ७१,८०० च्या ऐवजी ४२,५१८. त्याने चौथ्या वर्षी फरकाची २९,२८२ ची 'समायोजन' नोंद टाकून तक्ता मिटवला होता.

मी त्याला ती ओळ खोडायला सांगितली आणि २९,२८२ हा आकडा चार वर्षं मागे न्यायला सांगितला. २९,२८२ भागिले १.४६४१ (१.१ चा चौथा घात). उत्तर आलं २०,०००, पूर्णांकात. आता शोधायला काही उरलंच नव्हतं. पहिल्या दिवशी २०,००० कमी धरले गेले होते, आणि तेवढीच रक्कम दलालीच्या खर्चात पडलेली होती. दर काढताना कमिशन धरलं, पण सुरुवातीची शिल्लक लिहिताना ते खर्चात टाकलं.

त्यानंतर मी हाच मार्ग नेहमी वापरते. अखेरचा फरक त्याच दराने एकेक वर्ष मागे आणत जा. जिथे तो ओळखीचा आकडा होईल, तिथे चूक आहे. एक वर्ष मागे आणल्यावर हप्त्याच्या पटीतली रक्कम दिसली तर तिसऱ्या वर्षाचा हप्ता तपासा. कुठेच ओळखीचा आकडा आला नाही तर बहुधा दरच चुकलेला असतो. आणि फरक रुपया-दोन रुपयांचा असेल तर ती पूर्णांकाची करामत आहे, शेवटच्या वर्षाच्या व्याजात मिटवा. पण हजारोंचा फरक 'समायोजन' म्हणून कधीही मिटवू नका.

हप्ता वर्षाच्या सुरुवातीला येत असेल तर?

तर पहिला हप्ता पूर्णपणे मुद्दल असतो. त्या दिवशी व्याज चढायला वेळच मिळालेला नसतो. आपल्या उदाहरणात तेच चार हप्ते आगाऊ मिळाले असते, तर पहिल्याच दिवशी शिल्लक ७,००,००० वर आली असती आणि अंतर्गत दर १०% वरून सुमारे १७.१% झाला असता. फक्त तारखा बदलल्या आणि एवढा फरक! म्हणून करारातली 'हप्ता देय तारीख' ही ओळ वाचल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही. RATE मध्ये शेवटी 1 घातला की आगाऊ हप्ते धरले जातात:

```
=RATE(4,300000,-1000000,71800,1)
```

हप्ते मासिक असतील तर ४ च्या जागी ४८ येतात आणि मिळणारा दरही महिन्याचा असतो. वर्षाचा दर काढून त्याला १२ ने भागायचं, ही वाट इथे चालत नाही.

आमचं हिशेबाचं वर्ष लीजच्या वर्षाच्या मध्येच संपतं. मग व्याजाचं काय?

समजा लीज सुरू होऊन सहा महिने झाले आणि तुमचं वर्ष संपलं. हप्ता अजून आलेला नाही, पण सहा महिन्यांचं व्याज तुम्ही कमावलं आहे. निव्वळ गुंतवणूक नावे ५०,०००, व्याज उत्पन्न जमा ५०,०००, आणि ताळेबंदात शिल्लक १०,५०,०००. पुढच्या हिशेबी वर्षात पहिल्या लीज-वर्षाचे उरलेले ५०,००० आणि दुसऱ्याचे निम्मे ४०,०००, मिळून ९०,०००. पुढे अशाच रीतीने ६९,०००, ४५,९०० आणि शेवटी १६,९००. बेरीज परत २,७१,८०० च.

अगदी काटेकोर चक्रवाढीने पहिल्या सहामाहीचे ४८,८०९ येतात. निम्मं-निम्मं वाटणं ही व्यवहारातली सोय आहे. फरक लहान असेल तोवर चालते, पण एकदा धरलेली रीत सगळ्या लीजना आणि दर वर्षी तीच ठेवा.

मध्येच कळलं की यंत्राला शेवटी तेवढी किंमत येणार नाही. आता?

या जागी बरेच जण थांबतात आणि 'शेवटी बघू' म्हणतात. ते चुकीचं आहे. हमी नसलेल्या अवशिष्ट मूल्याचा अंदाज नियमितपणे तपासायचा असतो. तो घटला तर आतापर्यंत जमवलेल्या रकमेतली घट ताबडतोब तोट्यात घ्यावी लागते, आणि पुढच्या व्याजाची वाटणी नव्याने करावी लागते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, हप्ता आल्यानंतर, बाजारात नवी यंत्रं आली आणि तुमचा अंदाज ७१,८०० वरून ३०,००० वर आला असं धरू. घट ४१,८०० ची, पण ती दोन वर्षांनंतरची. आज तिची किंमत ४१,८०० भागिले १.२१, म्हणजे ३४,५४५. आजची नोंद:

अवशिष्ट मूल्यातील घट (तोटा) खाते: नावे ३४,५४५
लीजमधील निव्वळ गुंतवणूक खाते: जमा ३४,५४५

शिल्लक ५,८०,००० वरून ५,४५,४५५ झाली. दर तोच १०%. तिसऱ्या वर्षी व्याज ५४,५४५ आणि हप्ता आल्यावर शिल्लक बरोबर ३,००,०००. चौथ्या वर्षी व्याज ३०,००० आणि अखेरची शिल्लक ३०,०००, म्हणजे नवा अंदाज.

आता जुन्या आणि नव्या व्याजाचा फरक पाहा. तिसऱ्या वर्षी ३,४५५ कमी, चौथ्या वर्षी ३,८०० कमी. त्यात आजचा तोटा ३४,५४५ मिळवा. बेरीज ४१,८००, एक पैही इकडे-तिकडे नाही. घट पूर्ण पोचली, फक्त आपापल्या काळात वाटली गेली. दर बदलायचा मोह इथे होतो, कारण नवे आकडे घालून RATE पुन्हा चालवला की तोटा न दाखवताही तक्ता जुळतो. तसं केलं की आज झालेलं नुकसान पुढच्या दोन वर्षांच्या कमी व्याजात लपतं.

हप्ता थकला तर व्याज धरणं थांबवायचं का?

नुसता एक हप्ता लांबला म्हणून नाही. बुडीताचा अंदाज हा वेगळा विषय आहे आणि त्याची तरतूदही वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. आयएफआरएस ९ प्रमाणे अपेक्षित पतहानीची तरतूद लीजमधल्या निव्वळ गुंतवणुकीलाही लागू आहे, आणि ती हप्ता थकायची वाट न बघता सुरुवातीपासूनच मोजायची असते. तक्त्याच्या शिल्लकेत हात घालून 'येणार नाही' म्हणून रक्कम कमी करू नका. नाहीतर करारानुसार किती येणं आहे हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आम्ही यंत्र स्वतःच बनवतो आणि लीजवर देतो. आमच्यासाठी काही वेगळं?

हो, दोन गोष्टी. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी विक्रीचा नफाही उभा राहतो, आणि लीज मिळवण्यासाठी केलेला खर्च निव्वळ गुंतवणुकीत न धरता लगेच खर्चात जातो. नफा मोजताना व्याजाचा बाजारभाव धरावा लागतो. ग्राहक ओढण्यासाठी मुद्दाम कमी दर लावून विक्रीचा नफा फुगवता येत नाही.

ताळेबंदात पुढच्या वर्षी येणारा पूर्ण हप्ता चालू मालमत्तेत दाखवायचा का?

नाही, आणि ही चूक फार वेळा दिसते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस शिल्लक ८,००,००० आहे. पुढच्या बारा महिन्यांत ३,००,००० येतील, पण त्यातले ८०,००० व्याज अजून कमावलेलंच नाही. म्हणून चालू मालमत्तेत २,२०,००० आणि उरलेले ५,८०,००० दीर्घकालीन. टिपांमध्ये मात्र येणारे हप्ते वर्षवार, पूर्ण रकमेने, सूट न देता दाखवायचे असतात आणि तिथून त्या हप्त्यांतलं अनर्जित व्याज वजा करून आणि हमी नसलेल्या अवशिष्ट मूल्याची आजची किंमत मिळवून निव्वळ गुंतवणुकीपर्यंतचा मेळ घालायचा असतो.

मुदत संपली आणि यंत्र परत आलं. शेवटची नोंद?

अंदाज बदलला नव्हता असं धरलं, तर निव्वळ गुंतवणूक खात्यात ७१,८०० उरलेत. यंत्र ताब्यात घेताना ते यंत्र किंवा विक्रीसाठीचा साठा म्हणून नावे टाकायचे आणि निव्वळ गुंतवणूक खाते जमा करून शून्यावर आणायचं. पुढे ते ६५,००० ला विकलं गेलं तर ६,८०० चा तोटा त्या विक्रीचा आहे, लीजच्या व्याजात तो मिसळायचा नाही. अवशिष्ट मूल्याची हमी लीज घेणाऱ्याने दिलेली असती, तर याच ६,८०० ची मागणी त्याच्याकडे गेली असती.